एका शेतातले दोन विळे

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन आणि तूर बहुतेकदा एकाच शेतात उभी असते. सोयाबीनच्या काही ओळी, मग तुरीची एखादी ओळ. सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात सोंगणीला येतं, तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. ही दोन पिकं एकाच विळ्याने कापायला निघालेल्या माणसाला धारेचं सगळं शास्त्र एकाच हंगामात कळतं, कारण एकाला दातेरी विळा लागतो आणि दुसऱ्याला सपाट धारेचा.

सोयाबीनचं वाळलेलं खोड पेन्सिलीएवढं जाड, गुळगुळीत आणि काटक असतं. डाव्या हाताने दोन-चार झाडांची मूठ धरायची, जमिनीलगत विळा टेकवायचा आणि अंगाकडे ओढायचं. सपाट विळा इथे खोडावरून घसरतो. तो घसरू नये म्हणून माणूस हिसका देतो, आणि तिथेच नुकसान सुरू होतं. पक्व शेंग हिसका सहन करत नाही. ती तडकते आणि दाणे मातीत जातात. म्हणून तर जाणते शेतकरी सकाळी दव असेपर्यंतच सोंगणी उरकू पाहतात. दातेरी विळ्याचे दाते खोडात रुतून बसतात आणि जोर सगळ्या धारेवर न पसरता दात्यांच्या मोजक्या टोकांवर एकवटतो. त्यामुळे हिसक्याऐवजी एका सलग ओढीत खोड कापलं जातं. दात्यांचा कल मुठीकडे असतो, म्हणजे विळा ओढला तरच कापतो. तो ढकलला किंवा वरून मारला, तर दात्यांचा काहीच उपयोग नाही.

तुरीचं खोड म्हणजे लाकूडच. ते अंगठ्याएवढं जाड होतं आणि ओढून कापलं जात नाही, त्यावर तिरका घाव घालावा लागतो. इथे दातेरी विळा वापरला, तर दाते लाकडात अडकतात आणि विळा उपसताना टोकं मोडतात. घावासाठी जड पातं आणि सलग धार हवी, तीही जरा जाडसर कोनाची. फार पातळ धार तुरीवर दोन घावांत वळते. खुरप्याचंही असंच. ते मातीत ढकलायचं असतं, म्हणून खुरप्याला कुणी दाते पाडत नाही.

आता देखभालीकडे. प्रस्तुत लेखक घरातल्या सुऱ्या आणि शेतातले विळे स्वतःच परजतो, आणि त्याचं मत जरा अप्रिय आहे: दातेरी धार जास्त काळ तीक्ष्ण राहते असं जे म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. दात्यांच्या मधल्या खाचा जमिनीला, खड्याला लागत नाहीत, म्हणून त्या टिकतात. टोकं मात्र सपाट धारेसारखीच झिजतात. फरक इतकाच, की बोथट दातेरी विळाही खरवडत का होईना कापत राहतो आणि माणसाच्या लक्षात उशिरा येतं.

ते ओळखायची खूण सोंगणीतच मिळते. झाडं कापली जाण्याऐवजी मुळासकट उपटून येऊ लागली, तर दाते गेले असं समजावं. उपटलेल्या झाडांबरोबर सुडीत माती जाते. मग ती मळणीयंत्रात जाते आणि दाण्यावर डाग धरतात. बाजार समितीत असा माल ओंजळीत घेतला की व्यापारी लगेच भाव खाली बोलतो. मुळांच्या गाठींमधलं नत्र शेतातच राहायचं, तेही बाहेर पडतं.

विळा असा झाला की बहुतेक जण कानस घेऊन दात्यांवरच घासायला लागतात. त्याने दाते बुजतात आणि दोन-तीन वेळात विळा सपाटही नाही, दातेरीही नाही असा होऊन बसतो. गावाकडच्या लोहाराचा सल्ला एका वाक्याचा असतो: ‘‘दात्याकडून घासू नोका, मांगून घासा.’’ यामागचं कारण विळ्याच्या घडणीत आहे. दात्यांच्या रेघा पात्याच्या एकाच अंगाला कोरलेल्या असतात. दुसरं अंग गुळगुळीत, उताराचं असतं. त्या गुळगुळीत अंगाने दगडावर घासलं की पातं पातळ होत रेघांपर्यंत पोचतं आणि जुन्या रेघांतूनच नवे दाते उघडे पडतात. शेवटी रेघांच्या अंगाला धातूची बारीक कोर उभी राहते. ती दगडावर अगदी आडवं धरून एकदाच हलकेच पुसून काढायची.

रेघाच उरल्या नाहीत की मग भात्याशिवाय गत्यंतर नाही. लोहार पातं लाल करून धार ठोकून पातळ करतो, छिन्नीने एकेक तिरका दाता पाडतो आणि त्यानंतरच पाणी देतो. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण पाणी दिलेल्या कडक पोलादावर छिन्नी चालत नाही आणि जोर केला तर धार टवका होऊन उडते. ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेल्या विळ्याला हे पुन्हा पुन्हा करता येतं. बाजारातला हलक्या पत्र्याचा तयार विळा मात्र दाते संपले की संपला.

सपाट धारेचं काम सोपं, पण ते रोज करावं लागतं. तुरीच्या हंगामात दुपारच्या जेवणानंतर दगडावर दोन्ही अंगांनी चार-पाच हात मारले तरी पुरतं. विळा उन्हाकडे धरून धारेकडे बघावं. तीक्ष्ण धार दिसतच नाही. जिथे पांढरी चमक दिसते तिथे ती बसलेली असते. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात विजेच्या चाकावर मिनिटभरात धार लावून मिळते, ते टाळलेलं बरं. धारेवर निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं असं समजावं. मग धार लागते खरी, पण संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

स्वयंपाकघरातही नियम हेच आहेत. पाव आणि टोमॅटो वरून कडक किंवा निसरडे, आतून मऊ. तिथे दातेरी सुरी न दाबता ओढली की काम होतं. कांदा आणि कोथिंबिरीला सपाटच हवी, कारण दाते पेशी फाडतात, कांदा डोळ्यांना अधिक झोंबतो आणि कोथिंबीर काळवंडते. पाव कापायच्या सुरीचे दातेही एकाच अंगाला असतात, पण ते मोठे, खोलगट. त्यांना घरच्या सपाट दगडाऐवजी निमुळती गोल कानस घ्यावी आणि एकेक खाच वेगळी घासावी. काम कंटाळवाणं आहे, पण दोन-तीन वर्षांतून एकदाच येतं.

भातासाठी कोकणात जमिनीलगत कापणीला शिफारस होणारा हलका वैभव विळा दातेरीच आहे. वाशिमच्या शेतात आता फिरणाऱ्या हार्वेस्टरच्या कापणीपट्टीवरची त्रिकोणी पातीही दातेरी असतात. गवत कापायच्या यंत्राला मात्र बरेचदा सपाट पाती बसवतात, कारण ओल्या गवताचा चीक दात्यांत भरतो. सपाट पाती परजून पुन्हा वापरतात. दातेरी सहसा झिजली की बदलतात. तूर मध्ये उभी असेल, तर हार्वेस्टरला त्या शेतात शिरताच येत नाही, म्हणून सोंगणीचे विळे अजून संपलेले नाहीत.

डावखुऱ्या मजुरांची अडचण वेगळीच. रेघा एकाच अंगाला असल्याने उजव्या हाताचा विळा डाव्या हातात घेतला की दात्यांचं अंग उलटं पडतं, धार खोडात तिरकी जाते आणि मनगट लवकर भरून येतं. दुकानात डावा विळा क्वचितच मिळतो. लोहाराला आधी सांगितलं तर तो दाते दुसऱ्या अंगाला पाडून देतो. फक्त हे पोळ्याच्या आसपासच सांगून ठेवावं, कारण सोंगणी सुरू झाल्यावर त्याच्या ऐरणीपुढे विळ्यांची रांग असते.