पंचेचाळीस अंशांचा हट्ट

अकरावीच्या फिजिक्समधला एखादा धडा सर्वांना कळेल असा लिहून द्या, सूत्रे शक्यतो टाळा, असे संपादकांनी सुचवले. प्रस्तुत लेखकाने प्रक्षेपित वस्तूच्या गतीचा धडा निवडला, कारण या वर्षी पाहिलेला एक प्रसंग मनातून जात नव्हता. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे सोडून कोलाडकडे निघाले की खांब लागते. त्या परिसरातल्या एका मैदानावर शालेय स्पर्धेसाठी गोळाफेकीचा सराव चालला होता. एका मुलाचा गोळा नऊ मीटरच्या आसपास पडत होता. कडेला उभे असलेले शिक्षक त्याला दर फेकीनंतर बजावत होते, "अजून वर टाक रे, पंचेचाळीस अंश आले पाहिजेत." मुलगा ऐकत होता. गोळा मात्र आणखी अलीकडे पडू लागला होता.

पंचेचाळीस अंशांचा हा नियम खोटा नाही. गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या ग्रंथात तो सिद्ध करून दाखवला आहे आणि आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. फक्त तो कधी लागू पडतो ती अट परीक्षेच्या धांदलीत गळून पडते.

तिरकी फेकलेली वस्तू एकाच वेळी दोन कामे करते. ती पुढे जाते, आणि वर जाऊन खाली येते. ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत, हा या सगळ्या धड्याचा गाभा. म्हणून सुरुवातीच्या वेगाचे दोन घटक पाडायचे: आडवा u cosθ आणि उभा u sinθ. गुरुत्वाकर्षण फक्त उभ्या घटकाला हात लावते, त्याला दर सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंद इतके कमी करत जाते. आडवा घटक, हवेचा अडथळा सोडला तर, शेवटपर्यंत तोच राहतो. सर्वोच्च बिंदूला वस्तूचा वेग शून्य होतो असे दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो. तिथे शून्य होतो तो उभा घटक. आडवा घटकही शून्य झाला असता तर गोळा तिथून सरळ खाली पडला असता.

उभ्या घटकावरून हवेतला वेळ आणि महत्तम उंची मिळते, आडव्या घटकाला त्या वेळेने गुणले की पल्ला मिळतो. वस्तू जिथून निघाली त्याच पातळीवर उतरणार असेल तर पल्ला R = u² sin2θ / g येतो, आणि sin2θ ची सर्वांत मोठी किंमत 45 अंशांना. "त्याच पातळीवर" हे दोन शब्द महत्त्वाचे. गोळा जमिनीतून निघत नाही. तो हातातून, साधारण माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून सुटतो आणि जमिनीवर पडतो.

4 सप्टेंबर 2024 रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारीने एफ-46 गटात 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेतले. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचे सुवर्ण 16.38 मीटरचे होते. अंतर सहा सेंटिमीटरचे. हा सहा सेंटिमीटरचा आकडा लक्षात ठेवून पुढचे गणित पाहावे.

समजा, गोळा 2 मीटर उंचीवरून सेकंदाला 12 मीटर वेगाने सुटला. पुस्तकातले सूत्र डोळे झाकून वापरले, तर 45 अंशांना पल्ला 14.69 मीटर येतो. सुटण्याची उंची धरून मांडणी केली की दोन्ही घटक 8.49 येतात, वर जायला 0.87 सेकंद लागतात आणि हातापासून 3.67 मीटर, म्हणजे जमिनीपासून 5.67 मीटर उंची गाठली जाते. तिथून खाली यायला 1.08 सेकंद. चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ सारखा नाही, हीच आपली मांडणी बरोबर असल्याची खूण. एकूण 1.94 सेकंदांत गोळा 16.48 मीटर जातो. आता कोन 42 अंश करा. गोळा जमिनीपासून 5.29 मीटरच वर जातो, पण आडवा वेग वाढल्याने पल्ला 16.57 होतो. नऊ सेंटिमीटर जास्त! पॅरिसमध्ये सोने आणि चांदी यांच्यातला फरक याहून कमी होता.

असे का होते? खाली उतरताना गोळ्याला दोन मीटरची वाट फुकट मिळते, तेवढा वेळ आडवा घटक काम करत राहतो. म्हणून उंचीसाठी वेग थोडा कमी खर्चून तो पुढे जाण्याकडे वळवणे फायद्याचे ठरते.

खांबच्या मुलाचे गणित तर शिक्षकांच्या सल्ल्याच्या अगदी उलट निघाले. त्याची एक चांगली फेक 9 मीटरची होती. कडेने मोबाइलवर काढलेल्या चित्रणात गोळा 1.3 सेकंद हवेत दिसला, आणि सुटतानाची उंची 1.7 मीटर होती. आडवा घटक म्हणजे 9 भागिले 1.3, सुमारे 6.9. उभा घटक 4.9 × 1.3 वजा 1.7 ÷ 1.3, म्हणजे सुमारे 5.1. त्यावरून वेग साधारण 8.6 आणि कोन 36 अंश. या वेगाला आणि उंचीला सर्वोत्तम कोन चाळीस अंशांच्या आसपास येतो, आणि तिथे पोहोचून त्याला जेमतेम पाच सेंटिमीटर मिळाले असते. पंचेचाळीसला मात्र त्याचा पल्ला 8.93 मीटरवर आला असता. वेग जितका कमी, तितका सुटण्याच्या उंचीचा वाटा मोठा. म्हणजे शाळकरी खेळाडूसाठी 45 हा आकडा पॅरिसच्या खेळाडूपेक्षाही अधिक चुकीचा.

आणि हे सगळे वेग तोच राहतो असे धरून. प्रत्यक्षात तो राहत नाही. हात जितका वर नेऊन ढकलावा, तितकी गोळ्याच्या वजनाशी झुंज वाढते आणि सुटतानाचा वेग घटतो. क्रीडाविज्ञानातला निक लिनथॉर्न यांचा 2001 सालचा अभ्यास हेच मांडतो. त्यामुळे जागतिक दर्जाचे गोळाफेकपटू बहुतेक 35 ते 40 अंशांच्या दरम्यान फेकतात. वरच्या उदाहरणात 42 ऐवजी 37 अंशांना फेकून वेग 12 चा 12.3 झाला तर पल्ला 17.14 मीटर होतो. कोनाच्या दुरुस्तीने सेंटिमीटर हाती लागतात, वेगाच्या वाढीने अर्धा मीटर. मुलाला हवे होते ते पायांचे बळ आणि फेकीचा वेग.

या हिशेबाच्याही मर्यादा आहेत. वेळ मोजण्यात दशांश सेकंदाची चूक झाली, तर त्या मुलाचा कोन 36 चा 41 अंश दिसतो; म्हणून हातातल्या स्टॉपवॉचवर विसंबू नये. जड गोळ्यावर हवेचा परिणाम फारच थोडा, पण टोलवलेल्या क्रिकेटच्या चेंडूला हे गणित जसेच्या तसे लावता येत नाही.

शाळांतल्या विज्ञान आणि क्रीडा शिक्षकांना एवढीच विनंती: येत्या स्पर्धांच्या सरावात मोबाइल मैदानाच्या कडेला स्थिर ठेवा, चित्रण मंदगतीने पाहून गोळा सुटल्यापासून पडेपर्यंतचा वेळ काढा, टेपने अंतर आणि उंची मोजा, आणि मुलांकडूनच दोन्ही घटक काढून घ्या. मुलाचा कोन किती आहे हे कळल्याशिवाय त्याला तो वाढवायला सांगू नका.