जर्मनचे आठ पत्रे

आमच्या गडचिरोलीकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचा गंज म्हणतात. त्यामुळे चंद्रपूरच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला ॲल्युमिनियमचे पत्रे हातात आले, तेव्हा निदान धातू तरी ओळखीचा वाटला. अर्ध्या मिलिमीटरचे आठ पत्रे, गायगर काउंटर आणि एक सीलबंद स्रोत. त्याच्या डबीवर लिहिलं होतं: स्ट्रॉन्शियम-90, 0.546 एमईव्ही.

बीटा कण सगळे सारख्या ऊर्जेने निघत नाहीत. प्रत्येक क्षयात ऊर्जेचा काही वाटा न्यूट्रिनोसारखा कण घेऊन जातो. इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त मिळू शकते ती ऊर्जा म्हणजे अंतिम ऊर्जा. ती थेट मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. म्हणून एकेक पत्रा वाढवत जायचं, शेवटचा इलेक्ट्रॉन कुठे थांबतो ते बघायचं आणि त्या जाडीवरून ऊर्जा काढायची.

स्रोत न ठेवताही काउंटर पाच मिनिटांत 120 वेळा टिकटिकला, म्हणजे मिनिटाला 24. ही पार्श्वभूमी प्रत्येक मोजणीतून वजा करायची. पत्र्याविना मिनिटाला 6,200 आले, दोन पत्र्यांनंतर 900. इथवर छान. पण सहाव्या पत्र्यामागेही काउंटर पार्श्वभूमीपेक्षा स्पष्ट जास्त बोलत होता. आठव्याला फरक उरला नाही.

सिनियरच्या जर्नलमध्ये उत्तर सुबक होतं: 0.55. मीही पेन्सिल काढली. पण खोडण्याआधी उलटा हिशेब केला. 0.546 चे इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियममध्ये साधारण 0.7 मिलिमीटरमध्ये थांबतात. म्हणजे दुसऱ्या पत्र्यानंतर शांतता हवी होती. मग सहाव्यातून कोण येत होतं?

उत्तर डबीतच होतं. स्ट्रॉन्शियमच्या क्षयातून इट्रियम-90 तयार होतं. त्याचा अर्धायुष्यकाल फक्त 64 तास, त्यामुळे जुन्या स्रोतात दोघांचा क्षय सारख्याच वेगाने चालतो. इट्रियमची अंतिम ऊर्जा 2.28 एमईव्ही. डबीवर आईचं नाव होतं, पत्र्यांतून पोर पळत होती.

मी आलेख सातव्या आणि आठव्या पत्र्याच्या मधोमध संपवला: 3.75 मिलिमीटर. ॲल्युमिनियमची घनता 2.7 धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1,012 मिलिग्रॅम. हवा आणि काउंटरची खिडकी मिळून आणखी आठेक, म्हणजे 1,020. मग फेदरचं सूत्र:

R = 542E − 133

उत्तर आलं 2.13.

हे 2.28 पेक्षा कमीच. कारण शेवटचे इलेक्ट्रॉन फार थोडे असतात. 120 च्या मोजणीत 11 चा चढउतार आपोआप होतो, आणि ते मोजके इलेक्ट्रॉन त्यातच बुडून जातात. त्यामुळे नुसत्या नजरेने ठरवलेला पल्ला आखूडच निघतो.

जर्नलमध्ये 2.13 च लिहिलं. डबीवरच्या आकड्याच्या चौपट उत्तर का आलं, हे तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, तर सांगायला माझ्याकडे सहावा पत्रा होता.