फोनवर अडीच सेंटिमीटर

क्लायंटला पाठवायचं होर्डिंगचं चित्र देखणं असलंच पाहिजे, असं मी बरीच वर्षं मानत आलो. फ्रेम सरळ समोरून घ्यायची, आभाळ निळंशार ठेवायचं, बोर्डाने निम्मी चौकट व्यापायची. डिझाइन त्यात बसवलं की समोरचा "फायनल" म्हणायचा आणि फ्लेक्स छपाईला जायचा. हे काम मंजुरी मिळवण्यासाठीच असतं, असा माझा पक्का समज होता. आता मला तसं वाटत नाही.

मन पालटायला करंजीजवळचं एक काम कारण झालं. नागपूर-हैदराबाद महामार्गाला वणीचा रस्ता जिथे मिळतो तिथून थोडं पुढे, पांढरकवड्याच्या दिशेने, शेतात उभं असलेलं वीस बाय दहा फुटांचं होर्डिंग होतं. जाहिरात कापसाच्या बियाण्यांची, म्हणजे मे महिन्याची घाई. एरवीसारखा जवळ जाऊन फोटो काढण्याऐवजी मी या वेळी नागपूरकडून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून, अंदाजे शंभर मीटर मागून काढला. बोर्ड रस्त्याला खेटून नव्हता. महामार्गाची हद्द सोडून, आत होता. मध्ये निंबाची फांदी, वर विजेच्या तारा.

मग हिशेब केला. फोन आपण डोळ्यांपासून साधारण चाळीस सेंटिमीटरवर धरतो. शंभर मीटर म्हणजे त्याच्या अडीचशे पट. वीस फूट, म्हणजे सहा मीटर रुंदीचा बोर्ड त्या हिशेबाने फोनच्या पडद्यावर जेमतेम अडीच सेंटिमीटर दिसायला हवा. आडव्या धरलेल्या फोनच्या रुंदीचा हा साधारण सहावा हिस्सा. तेवढाच येईल असा फोटो कापला आणि डिझाइन बसवलं. सहा इंच उंचीचे मोबाइल नंबरचे आकडे पडद्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरले. दुकानाचं नाव अडीच फुटी होतं, ते तीन मिलिमीटर आलं आणि सहज वाचता आलं. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी हे अंतर साडेचार सेकंदांत कापते, त्यामुळे जवळ गेल्यावर वाचेल ही आशाही फोल. देवनागरीत तर आधी अनुस्वार आणि रफार जातात, अक्षर त्यानंतर.

चित्र पाठवताच कृषी केंद्राच्या मालकांचा फोन आला. "भाऊ, बोर्ड येवढासाच दिसते काय? नंबर तर वाचताच येऊन नाही राह्यला!" मी म्हटलं, "रस्त्यावरूनही असाच दिसणार, भाऊ." ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "मंग नंबर काढून टाका, पाकिटाचा फोटो मोठा करा." जुन्या पद्धतीच्या चित्रावर त्यांनी नेमकं उलट सांगितलं असतं: नंबर हवाच, शिवाय तीन शाखांचे पत्तेही.

उजेडाचं प्रकरण मला त्याहून उशिरा उमगलं. फोटोशॉपमध्ये चार कोपरे जुळवणं सोपं आहे; डिझाइनची फाइल बोर्डाच्याच प्रमाणात, दोनास एक, असली की अक्षरं ताणली जात नाहीत. जुन्या फ्लेक्सच्या सुरकुत्या आणि सावल्या Multiply ने वर आणता येतात, फांदी मास्कने पुढे घेता येते. फसवतो तो पांढरा रंग. पडद्यावरचा शुभ्र पांढरा तसाच ठेवला की बोर्ड ट्यूबलाइटसारखा पेटतो. त्याच फोटोतली, त्याच बाजूला तोंड केलेली चुन्याची भिंत किंवा मैलाचा दगड शोधायचा आणि Curves मध्ये आपला पांढरा त्याच्याइतका उतरवायचा. करंजीचा तो बोर्ड नागपूरकडून येणाऱ्यांसाठी, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. बोर्डाच्या चेहऱ्यावर दिवसभर ऊन पडत नाही आणि मागचं आभाळ मात्र डोळ्यांत खुपतं. अशा वेळी गडद हिरव्यावरची लाल अक्षरं काळपट ढेकूळ होतात. म्हणून आता उत्तराभिमुख जागा असेल तर मी पिवळ्या जमिनीवर काळी अक्षरं सुचवतो, आणि चित्रात ती सावली मुद्दाम ठेवतो.

यवतमाळच्या दत्त चौकात मात्र हा हिशेब लागू होत नाही. तिथे माणूस दुचाकीवर रेंगाळतो, कधी उभाही राहतो; वीस-तीस मीटरवरून बारीक मजकूर वाचला जातो. तिथे अडचण कोनाची. बोर्ड पंचेचाळीस अंशांत तिरपा असेल तर वीस फुटांचे डोळ्याला चौदाच उरतात आणि जोडाक्षरं एकमेकांत घुसतात. म्हणून ज्या रस्त्याने जास्त वर्दळ येते तिथूनच फोटो घ्यायचा. सोयीच्या बाजूने घेतलेला काही कामाचा नाही.

या पद्धतीने काही कामं हातची जातात, हे नाकारत नाही. शेजारच्या दुकानात चकचकीत चित्र मिळत असेल तर माझं निंबाच्या फांदीआडचं कोण घेणार? शुद्धलेखन तपासायला मी सपाट डिझाइन वेगळं पाठवतो, दृश्य वेगळं. दृश्याखाली एक ओळ लिहितो: फोन आडवा धरा, झूम करू नका. तरी बहुतेक जण पहिल्यांदा झूमच करतात.