सूचक, अनुमोदक आणि करणारा

फरीदाबादला येऊन राहिल्यावर मुलीच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात मला घेतलं, ते हिंदी बरं लिहिते म्हणून. सहसचिव हे पद नावाला. खरं काम कार्यवाही रजिस्टर लिहिण्याचं. मला त्याचं ओझं वाटलं नाही. माझे वडील सांगलीकडे एका पतसंस्थेत चिटणीस होते आणि संस्थेचं प्रोसिडिंग बुक आमच्या जेवणाच्या टेबलावरच पूर्ण व्हायचं. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय क्रमांक एक, हे मला पाढ्यांबरोबरच पाठ झालं होतं.

इथलं आधीचं रजिस्टर चाळलं तर पानामागून पान ‘इस विषय पर चर्चा हुई’. चर्चा झाली खरी, पण ठरलं काय, ते कुठेच नाही. वडिलांच्या प्रोसिडिंगमध्ये निदान ठराव असायचा, त्याखाली सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’. पण विचार केला तर तिथेही एक जागा रिकामीच असायची. ठराव मांडला कोणी आणि उचलून धरला कोणी, हे पक्कं. तो करणार कोण, हे अध्याहृत. पतसंस्थेत ते चालून जायचं, कारण पगारी व्यवस्थापक होता आणि सगळं शेवटी त्याच्याच गळ्यात पडायचं. पालक-शिक्षक संघात असा माणूस नसतो. पालकांना वाटतं शाळा करेल, शाळेला वाटतं पालक प्रतिनिधी पाहतील.

जुलैतल्या सभेत मुख्य विषय होता बसचा. फरीदाबादच्या मधून रेल्वेमार्ग जातो. एका बाजूला एनआयटीचा भाग, दुसऱ्या बाजूला जुनं फरीदाबाद, सेक्टर आणि मथुरा रोड. आमची शाळा एनआयटीकडे आणि बरीच मुलं पलीकडची. जुन्या फरीदाबादच्या रेल्वे अंडरपासमध्ये सप्टेंबर 2024मध्ये साचलेल्या पाण्यात मोटार बुडून बँकेच्या दोन कर्मचाऱ्यांचा जीव गेला. तेव्हापासून ढग भरून आले की पलीकडच्या आया फोन हातात घेऊन बसतात, कारण आमची एक बस त्याच रस्त्याने येते.

सभेत एकदम दहा आवाज. पाऊस असेल त्या दिवशी बस नीलम पुलावरून न्यावी, यावर सगळ्यांचं एकमत दिसलं. वाहतूक पाहणारे सर म्हणाले, “करवा देंगे जी.” माना डोलल्या, लोक पुढच्या विषयाकडे निघाले. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “बारिश का दिन है, यह तय कौन करेगा?”

खरी गोम तिथेच होती. पहाटे कोरडं असतं आणि सुटीच्या वेळी धो-धो कोसळतं. चालकाने ठरवायचं तर त्याला उशीर झाल्याबद्दल बोलणी बसतात, म्हणून तो नेहमीचा रस्ता धरणार. सरांनी ठरवायचं तर त्यांनी रोज पहाटे उठून आभाळ पाहायचं. एका वडिलांनी, ते कारखान्यात शिफ्ट सांभाळतात, सरळ तोडगा दिला: रोज ठरवायचंच कशाला? पावसाळाभर बस पुलावरूनच जाऊ द्या. पहिल्या थांब्याच्या दोन आयांनी हरकत घेतली. पोरांना पंधरा मिनिटं आधी उठवावं लागेल. हरकत खरीच होती. हात वर करून मत घेतलं आणि मी तिथेच मोठ्याने वाचत लिहिलं. हिंदीत लिहिलेलं मराठीत असं होईल:

‘ठराव 3. सोमवारपासून 30 सप्टेंबरपर्यंत बस येताना-जाताना नीलम पुलावरूनच जाईल, पाऊस असो वा नसो. सर्व थांब्यांची सकाळची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे. करणार: वाहतूक प्रभारी (नाव). चालकाला लेखी सूचना व पालकांना नवं वेळापत्रक शनिवारपर्यंत. पडताळणी: बसच्या जीपीएसची आठवड्याची नोंद, पाहणार: पालक प्रतिनिधी (नाव). बहुमताने मंजूर, पहिल्या थांब्याच्या दोन पालकांची वेळेबद्दल हरकत नावानिशी नोंदवली.’

यात माझा हट्ट दोन गोष्टींचा होता. एक, नाव आणि पद दोन्ही. नुसतं पद लिहिलं तर कोणालाच आपलं वाटत नाही. नुसतं नाव लिहिलं आणि ते सर नोकरी सोडून गेले, तर काम त्यांच्याबरोबर जातं. दुसरी, करणारा आणि पाहणारा वेगळे. वाहतूक प्रभारींना हे किंचित झोंबलं. त्यांना सांगितलं, उद्या कोणी म्हणालं बस खालून गेली, तर तुमच्या बाजूने बोलायला हीच नोंद असेल. मग ते निवळले.

नोव्हेंबरच्या धुराचा विषय लवकर आटोपला. हवा फार बिघडली की ग्रॅपचे निर्बंध लागतात आणि पाचवीपर्यंतच्या वर्गांना घरूनही शिकण्याची सोय द्यावी लागते. पण आदेश कित्येकदा रात्री येतो. आदेश आल्यापासून तासाभरात पालकांना निरोप, हे काम उपप्राचार्यांकडे. त्या रजेवर असतील तर कोणाकडे, तेही दुसरं नाव लिहून. आदेश कधी येईल ते आपल्या हाती नाही, म्हणून मुदत तारखेत न घालता तासात घातली.

फीबद्दल मात्र बरीच तणतण झाली आणि रजिस्टरमध्ये दोनच ओळी आल्या. महाराष्ट्रात 2011च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला फी ठरवण्यात अधिकार दिला आहे. आमच्या इथल्या संघाला तसा नाही. जे ठरवण्याचा हक्कच नाही, त्यापुढे ‘ठराव’ लिहिणं म्हणजे लोकांना फसवणं. म्हणून ‘पालकांचं म्हणणं व्यवस्थापनाला लेखी कळवावं’ एवढंच, आणि पत्र लिहिणाऱ्याचं नाव. एका मुलाच्या वागणुकीबद्दलही कोणी तावातावाने बोललं. त्याचं नाव मी लिहिलं नाही. रजिस्टर पुढची कित्येक वर्षं कोणीही उघडेल; मूल तोवर मोठं झालेलं असेल.

रजिस्टर सभेतच अध्यक्षांसमोर ठेवलं. पानांना क्रमांक, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ, खाडाखोड असेल तिथे आद्याक्षरं, मग सही. रिकाम्या जागेत नंतर काय काय उगवतं, ते वडिलांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. नक्कल सोमवारी सगळ्यांना गेली, दुरुस्ती असेल तर बुधवारपर्यंत. एका बाईंनी कळवलं की हरकत मी नाही, माझ्या शेजारणीने घेतली होती. तेवढी दुरुस्ती पुढच्या सभेत वाचून कायम झाली.

त्या सभेत आधी जुने ठरावच घेतले. बस पुलावरून जात होती. एका दिवशी चालक खालून गेल्याचं जीपीएसवर दिसलं आणि त्याला समज दिल्याची नोंद झाली. अडकला तो ठराव 4, अंडरपासच्या तोंडाशी पाण्याची पातळी दाखवणारी ठळक पट्टी रंगवण्याचा. आधी कोणीतरी सुचवलं होतं, ‘करणार: नगर निगम’ असं लिहा. आमच्या सभेला जो आलाच नाही, त्याच्यावर काम टाकून आपण मोकळे कसे होणार? म्हणून करणाऱ्याच्या जागी आमच्यातल्याच एका पालकाचं नाव होतं आणि काम होतं अर्ज देऊन पोच आणणं. पोच आली, पट्टी आली नाही. पोचेचा क्रमांक रजिस्टरमध्ये उतरवला, त्याच पालकाचं नाव पुढे ठेवलं, आणि स्मरणपत्रासाठी महिन्याअखेरची तारीख घातली.