ओळीच्या सुरुवातीच्या खुणा



आमच्या चर्चमध्ये ज्यांनी पुष्कळ वर्षे ऑर्गन वाजवला, त्या मास्तरांनी हाताने उतरवलेल्या गीतांच्या दोन वह्या मागे ठेवल्या आहेत. मास्तर देवाघरी गेले आणि वह्या कपाटात राहिल्या. आता आमच्या कॉयरला साथ आहे ती हार्मोनियमची, आणि पेटीवर बसणारे आमचे भाऊ सगळे कानाने वाजवतात. उत्तम वाजवतात. पण बेळगावात सणाच्या मिस्सेला गोव्याहून एखादे व्हायोलिनवाले येतात, समोर कागद मांडतात आणि पहिला प्रश्न करतात, "की कोणती?" त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर पेटी एका पट्टीत आणि व्हायोलिन दुसऱ्या पट्टीत, असे गीत सुरू होते, आणि भाविकांनी कोणाच्या मागून गायचे ते कळत नाही.

ते उत्तर कागदावरच लिहिलेले असते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, पाच रेघांवर, शार्पच्या किंवा फ्लॅटच्या काही खुणा ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यांना की सिग्नेचर म्हणतात. आम्ही कॉयरच्या मुलांना त्या कशा वाचायला शिकवतो, ते येथे लिहीत आहोत.

आधी त्या खुणा लागतात कशाला, ते पाहू. आपला शुद्ध स्वरांचा सा रे ग म प ध नी सा गाऊन पाहा. ग आणि म यांच्यात अंतर अर्ध्या स्वराचे आहे. नी आणि वरचा सा यांच्यातही अर्ध्या स्वराचे. बाकी सगळीकडे पूर्ण स्वर. इंग्रजी संगीतात यालाच मेजर स्केल म्हणतात. पेटीवर पांढरी एक, म्हणजे सी, सा धरली तर नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर हा क्रम बरोबर बसतो. म्हणून सी मेजरमध्ये लिहिलेल्या गीताला खूणच नसते. आता जी, म्हणजे पांढरी पाच, सा धरून पांढऱ्या पट्ट्यांवरून वर जा. जी, ए, बी, सी, डी, ई इथपर्यंत सारे ठीक. पुढचा एफ मात्र वरच्या जीपासून पूर्ण स्वराने दूर आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर नी कोमल लागला. तो शुद्ध करायचा तर एफ अर्धा स्वर वर चढवून एफ शार्प करावा लागतो. तो गीतात जितक्या वेळा येईल तितक्या वेळा खूण करण्यापेक्षा ओळीच्या सुरुवातीला एकदाच सांगून ठेवले, की या गीतातले सगळे एफ, खालचे असोत की वरचे, शार्प समजा. एवढाच की सिग्नेचरचा अर्थ.

शार्प नेहमी एकाच क्रमाने येतात: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. एकच शार्प असेल तर तो एफच असतो आणि वरच्या ओळीत, म्हणजे ट्रेबल क्लेफमध्ये, अगदी वरच्या रेघेवर बसलेला दिसतो. दोन असतील तर एफ आणि सी. एक सोडून दुसराच शार्प आला, असे होत नाही. आणि सर्वांत शेवटी लिहिलेला शार्प म्हणजे त्या स्केलचा शुद्ध नी. नीच्या वर अर्ध्या स्वरावर सा असतो. म्हणून नियम सोपा आहे: शेवटचा शार्प पाहा, त्याच्यापुढची अर्ध्या स्वरावरची पट्टी धरा, ती की. दोन शार्प असतील तर शेवटचा सी शार्प. पुढची पट्टी डी. पेटीवर पांढरी दोन. चार असतील तर शेवटचा डी शार्प, पुढची ई. पांढरी तीन.

फ्लॅटचा क्रम बरोबर याच्या उलटा आहे: बी, ई, ए, डी, जी, सी, एफ. येथे शेवटची खूण नीची नसते, मची असते. एफ सा धरून चढलात तर चौथी पट्टी पांढरा बी येते आणि म तीव्र लागतो. तो शुद्ध करण्यासाठी बी अर्धा स्वर उतरवून बी फ्लॅट केला. म्हणून शेवटच्या फ्लॅटपासून म, ग, रे, सा असे चार मोजत खाली आले की सा सापडतो. याहून सोपी युक्ती अशी, की शेवटून दुसरा जो फ्लॅट, तेच कीचे नाव. एकच फ्लॅट असेल तर मागे दुसरा नसतो; तेथे एफ हे पाठ करून ठेवावे.

मास्तरांच्या वहीत 'सायलेंट नाइट' दोन फ्लॅटमध्ये आहे: बी आणि ई. शेवटून दुसरा बी फ्लॅट, म्हणजे पेटीवर काळी पाच. पण या गीताचा पहिला सूर एफ आहे. कॉयरमधल्या एका मुलाने तो पाहून एफ हाच सा धरला आणि साथीला पांढरी चारचे सूर दाबले. पहिला सूर जुळल्यासारखा वाटला. 'नाइट' या शब्दावर सुरावट डीवर उतरते, तेथे साथ खटकली. का, ते त्याला कळेना. सुरावट मात्र बराच वेळ बिनचूक चालली, कारण या गीतात शेवटचे दोन तुकडे येईपर्यंत ई हा सूर येतच नाही. शेवटी 'स्लीप इन हेवनली पीस' म्हणताना तो येतो. मुलाने पांढरा ई वाजवला आणि सगळा कॉयर थांबला. ही अशी चूक ओळखायची खूण म्हणजे गीत सुरळीत चाललेले असावे आणि एकच एक सूर प्रत्येक वेळी बोचावा. तसे झाले की सुरुवातीच्या खुणा पुन्हा मोजाव्यात. आणि पहिल्या सुरावरून की ठरवू नये. 'सायलेंट नाइट' पपासून सुरू होते. 'अबाइड विथ मी' तीन फ्लॅटमध्ये छापलेले असते, त्याची की ई फ्लॅट, काळी दोन. पण त्याचा पहिला सूर जी आहे, म्हणजे ग. दोन्ही गीते संपतात मात्र सावरच.

आता खरी अडचण. त्याच खुणा दोन निरनिराळ्या कींच्या असू शकतात. प्रत्येक मेजर कीला तिच्याच खुणा वापरणारी एक मायनर की असते आणि तिचा सा तीन अर्धे स्वर खाली असतो. जीपासून तीन अर्धे स्वर खाली मोजले की ई येतो. म्हणून एक शार्प दिसला तर गीत जी मेजरमध्ये असेल किंवा ई मायनरमध्ये. मायनरमध्ये ग, ध आणि नी कोमल असतात. आसावरी थाट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल.

वहीत डिसेंबरची दोन गीते जवळजवळ आहेत आणि दोन्हींना एकच शार्प आहे. एक आगमनकाळाचे 'वेनी, वेनी एम्मानुएल', दुसरे नाताळचे 'आदेस्ते फिदेलेस'. पाने शेजारी ठेवली तर सुरुवातीला काहीच फरक दिसत नाही. फरक शेवटी दिसतो. खालच्या ओळीतला, म्हणजे बासचा, अगदी अखेरचा सूर पाहा. 'आदेस्ते'मध्ये तो जी आहे आणि त्याच्यावर बी आणि डी आहेत. जीपासून बीपर्यंत पट्ट्या मोजल्या तर चार अर्धे स्वर भरतात. ग शुद्ध, म्हणून मेजर. 'वेनी'मध्ये अखेरचा सूर ई आहे आणि त्याच्यावर जी आणि बी. ईपासून जीपर्यंत तीनच अर्धे स्वर. ग कोमल, म्हणून मायनर. पेटीवर एकाला पांढरी पाच द्यायची आणि दुसऱ्याला पांढरी तीन. खुणा सारख्या म्हणून दोन्हींना पांढरी पाच दिली, तर 'वेनी' सुरू करताना कॉयर पेटीचा सूर सा समजून तीन अर्धे स्वर वर उचलतो आणि वरच्या सुरांवर आवाज चिरकतात.

पुष्कळदा मायनर गीत मधल्या खुणेवरूनही ओळखता येते. ई मायनरमध्ये कोमल नी डी असतो, पण तो ईकडे जाताना ओढ कमी पडते, म्हणून लिहिणारे तेथे मधेच डी शार्प घालतात. सुरुवातीला एक शार्प आणि आत ठिकठिकाणी डी शार्प, तर ई मायनरच असण्याचा संभव मोठा. ही खूण मात्र पुढच्या उभ्या रेघेपर्यंतच चालते. पुढे डी पुन्हा साधा. 'वेनी'ची सुरावट जुन्या वळणाची आहे आणि तिच्यात डी साधाच येतो. म्हणून या खुणेवर सगळा भार टाकू नये. बासचा शेवटचा सूर जास्त भरवशाचा.

आणि काही गीते या दोन्ही उत्तरांत बसत नाहीत. पवित्र गुरुवारी मिस्सेनंतरच्या मिरवणुकीत जे जुने 'पांजे लिंग्वा' गातात, ते कोणतीही खूण न घालता पाच रेघांवर लिहिले तर नियमाप्रमाणे सी मेजर किंवा ए मायनर निघायला हवे. पण ते संपते ईवर. ईपासून नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चढून पाहा: रे, ग, ध, नी चारही कोमल. आपल्या भैरवीचा थाट. मेजर-मायनरची वाटणी रूढ होण्यापूर्वीच्या मोडमधले हे गीत आहे. तेथे खुणा सांगतात ते इतकेच, की कोणत्या पट्ट्या वापरायच्या. सा कोणता, ते गीत जेथे विसावते तेथेच शोधावे लागते.

सध्या आम्ही दर शनिवारी सरावाआधी वहीतली तीन-चार गीते घेतो. एक मूल खुणा मोजते, दुसरे पान उलटून बासचा शेवटचा सूर वाचते, आणि दोघांचे उत्तर जुळले की गीताच्या नावाशेजारी पेन्सिलीने लिहितो: "बी फ्लॅट, काळी पाच" किंवा "ई मायनर, पांढरी तीन". व्हायोलिनवाल्यांना पहिला शब्द पुरतो, पेटीवाल्या भावांना दुसरा. पहिली वही निम्मी झाली आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापर्यंत नाताळची पाने पुरी करायची आहेत.