विश्रांतीचा रकाना

बी.कॉम. झालेला माणूस खो-खोच्या जोरावर बी.पी.एड.ला गेला की त्याला खेळ येत असतो, शरीर येत नसतं. पहिल्याच सत्रात मॅडमनी माझ्या गळ्यात एक प्रकरण मारलं: ऊर्जाप्रणाली आणि प्रशिक्षणाची तत्त्वं. पुस्तक इंग्रजी, पानं भरपूर, आणि हे सगळं एका चार्ट पेपरवर बसवायचं. तुलना एका नजरेत दिसली पाहिजे आणि उदाहरणं आपल्या मैदानावरची हवीत, अशी अट. भवानी पेठेत आमच्या घराच्या पाठीला यंत्रमागाचा कारखाना आहे. त्या खटखटाटात मी शाळेपासून अभ्यास करत आलोय, तेव्हा आवाजाचं काही वाटत नाही. डोकं उठवलं ते क्रिएटिन फॉस्फेटनं.

चार वेळा वाचल्यावर जे कळलं ते असं. स्नायू चालतो एटीपीवर. पण तयार एटीपीचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढाच असतो, म्हणून तो सतत नव्यानं बनवावा लागतो. बनवायच्या वाटा तीन. स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटपासून तो झटक्यात बनतो, पण जीव तोडून पळालं तर हा साठा दहाएक सेकंदांत बराचसा रिता होतो. दुसरी वाट म्हणजे साखर ऑक्सिजनशिवाय फोडणं. हीसुद्धा वेगवान, तिचा जोर साधारण दोन मिनिटांपर्यंत, आणि तिच्यात लॅक्टेट साचत जातं. तिसऱ्या वाटेला ऑक्सिजन लागतो. ती सावकाश सुरू होते, पण तासन्‌तास चालते. माझ्या वाणिज्य शाखेच्या डोक्याला हे खिशातले सुटे पैसे, दुकानातली उधारी आणि महिन्याचा पगार असं लगेच पटलं.

मग काय, पट्टी घेतली आणि तीन उभे रकाने आखले. पहिल्यात 100 मीटर, दुसऱ्यात 400 मीटर, तिसऱ्यात 1500 मीटरच्या पुढचं सगळं. दिसायला देखणं. बाजारात मिळणाऱ्या गाइडांमध्येही तक्ता असाच असतो.

गडबड झाली ती त्याच प्रकरणाच्या शेवटाकडे. तिथं 2001 सालचा, स्पेन्सर आणि गॅस्टिन या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांचा अभ्यास दिला होता. त्यांनी तयारीच्या धावपटूंना ट्रेडमिलवर पळवून, एकूण ऊर्जेतला किती वाटा ऑक्सिजनच्या वाटेनं आला ते मोजलं. 200 मीटरला 29 टक्के, 400 मीटरला 43, 800 मीटरला 66 आणि 1500 मीटरला 84. मी आकडे पुन्हा पुन्हा वाचले. ज्या 400 मीटरला मी मोठ्या ऐटीत ‘ऑक्सिजनशिवाय’च्या खोलीत कोंडलं होतं, तिथं जवळजवळ निम्मं काम ऑक्सिजन करत होता. आणि 800 मीटर, ज्याला मैदानावर सगळे ‘दम कोंडायची शर्यत’ म्हणतात, तिथं दोन तृतीयांश.

म्हणजे तिन्ही वाटा पहिल्या पावलापासून एकदमच चालू असतात. एक संपली की दुसरी उघडते असं नाही. कुणाचा वाटा किती, एवढंच बदलत जातं. सर्व ताकदीनिशी केलेल्या श्रमात ऑक्सिजनचा आणि बाकी दोघांचा वाटा सारखा होतो तो साधारण 75 सेकंदांच्या आसपास. पैशांची उपमा इथं कोसळली. सुटे पैसे, उधारी आणि पगार एकाच क्षणी एकाच गल्ल्यात पडताहेत असं दुकान मी तरी पाहिलेलं नाही. रकान्यांच्या भिंती खोडल्या आणि त्या जागी डावीकडून उजवीकडे फिका होत जाणारा लाल आणि गडद होत जाणारा निळा अशा पेन्सिली चोळल्या. मध्ये 75 सेकंदांची एक तुटक रेघ. गाइडवाले हे का करत नसावेत ते रंगवताना कळलं. छपाईला चौकोन सोपे पडतात.

एटीपीच्या हिशेबानंही छळलं. एका ग्लुकोजपासून ऑक्सिजनच्या वाटेनं किती एटीपी? जुन्या पुस्तकात 36 किंवा 38, नव्यात 30 ते 32. ऑक्सिजनशिवाय मात्र दोन्हीकडे 2. जुना हिशेब पूर्ण आकड्यांत केलेला होता; पुढं कळलं की मधल्या वाहतुकीत आणि गळतीत बरंच खर्ची पडतं, म्हणून नवा आकडा उतरला. तक्त्यात मी 2 आणि ‘सुमारे 30’ लिहून मोकळा झालो. मैदानावर शिट्टी मारणाऱ्याला यातला नेमका आकडा कधीच लागत नाही.

त्याला काय लागतं, ते शेजारच्या पोरीमुळे कळलं. ती पोलीस भरतीची तयारी करते. घरी आई विड्या वळते, ही पहाटे मैदानावर. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. 800 मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत यावं लागतं. अर्धवट तक्ता बघून तिनं विचारलं, “दादा, माझं 800 मीटर म्हणजे हे 66 टक्केवालं ना?”

मी हो म्हणणार होतो, पण त्या अभ्यासातल्या वेळा नजरेला पडल्या. त्यांचे धावपटू 800 मीटर 113 सेकंदांत संपवणारे होते आणि 1500 मीटर 235 सेकंदांत. हिची पूर्ण गुणांची वेळ 170 सेकंद. शरीराला मीटर कळत नाहीत, त्याला कळतो तो वेळ आणि जोर. मग हिचं 800 मीटर त्यांच्या 800 आणि 1500 च्या मधोमध येतं, म्हणजे ऑक्सिजनचा वाटा तीन चतुर्थांशाच्या आसपास. त्या दिवशी तक्त्यावरची अंतरं मी खाली सरकवली आणि वरच्या ओळीत सेकंद लिहिले. भरतीच्या पोरांना याचा अर्थ सरळ आहे. रोज जीव तोडून 800 मीटर पळण्यापेक्षा आठवड्यातले बरेच दिवस बोलता येईल अशा दमानं अर्धा तास पळणं त्यांच्या जास्त उपयोगाचं.

तरीही तक्त्यात काहीतरी कमी होतं. पुस्तकात एका कोपऱ्यात काम आणि विश्रांतीचं प्रमाण दिलेलं होतं, ते मी जागा नाही म्हणून गाळणार होतो. पहिल्या प्रणालीसाठी 1:12 ते 1:20, दुसरीसाठी 1:3 ते 1:5, तिसरीसाठी 1:1 ते 1:3. नुसतं वाचून यातून काही हाती लागत नाही. पोरीच्या 100 मीटरच्या सरावावर लावून बघितलं तेव्हा लागलं.

ती आणि तिच्या मैत्रिणी 30 मीटरच्या धावा मारायच्या, ‘वेग वाढावा’ म्हणून. एक धाव सव्वापाच सेकंदांची, मग चालत परत, वीसेक सेकंदांत पुन्हा धाव. मी घड्याळ लावून उभा राहिलो. पहिली सव्वापाच, पाचवी-सहावी सहाच्या घरात. पोरी घामाघूम, चेहरे लाल, सगळ्यांना वाटतंय सराव दणक्यात झाला. पण क्रिएटिन फॉस्फेट निम्मं भरून यायलाच साधारण अर्धा मिनिट लागतं, पुरतं भरायला तीन ते पाच मिनिटं. वीस सेकंदांत पुन्हा धावणारी पोरगी अर्ध्या रिकाम्या साठ्यावर पळते, उरलेलं दुसरी वाट पुरवते, आणि वेगाचा सराव म्हणून सुरू झालेलं काम दम धरायच्या सरावात जातं. तोही सराव वाईट नाही. फक्त तो 100 मीटरचा नाही.

विश्रांती दीड मिनिटावर नेली. पाच सेकंदांच्या कामाला 1:18 पडलं. शेवटच्या धावेची वेळ पहिलीजवळच राहिली. पोरी वैतागल्या, “नुसतं उभंच राहायचं?” हो, नुसतं उभंच राहायचं. कसं ओळखायचं तेही तक्त्यात लिहिलं: धावेची वेळ घसरू लागली की वेगाचा सराव तिथंच संपला, मग थांबायचं किंवा विश्रांती वाढवायची. उलट, 800 मीटरसाठी 200 मीटर 42 सेकंदांत मारताना दीड मिनिट विश्रांती म्हणजे जेमतेम 1:2. तेच दीड मिनिट, पण रकाना दुसरा. हा विश्रांतीचा रकाना मग मी तक्त्याच्या मधोमध, सगळ्यात रुंद करून आखला.

प्रशिक्षणाच्या तत्त्वांची वेगळी यादी करायची नाही, त्यांच्या आडव्या ओळी करायच्या, हे त्यामुळेच सुचलं. अतिभाराचं तत्त्व घ्या. पहिल्या भागात भार वाढवणं म्हणजे वेग किंवा वजन वाढवणं, विश्रांतीला हात न लावता. मधल्या भागात विश्रांती थोडी कापणं हाच भार. शेवटच्या भागात मिनिटं वाढवणं. तत्त्व एकच, पण प्रत्येक ठिकाणी वेगळी खुंटी पिळायची.

विशिष्टतेच्या तत्त्वाला उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. सिद्धेश्वर यात्रेआधी मानकरी मंडळी नंदीध्वज पेलण्याचा सराव करतात. तो उंच, जड ध्वज तोलत चालायची सवय दंड-बैठका मारून लागत नाही. ध्वजच उचलावा लागतो. उलटगतीच्या तत्त्वालाही तीच यात्रा कामी आली. जानेवारीत यात्रेच्या गड्ड्यात फिरण्यात सराव बंद पडला की दोन ते चार आठवड्यांत ऑक्सिजनवाल्या भागात घट दिसायला लागते, निव्वळ ताकद मात्र त्या मानानं जास्त टिकते. म्हणून सुट्टीनंतर गोळा पूर्वीसारखा जातो आणि 800 मीटरला फेस येतो.

आता माझा खो-खो. तक्त्यात तो कुठं टाकावा यावर मी सगळ्यात जास्त कागद फाडले. पाळी 9 मिनिटांची, म्हणून तिसऱ्या भागात घालावा तर बसत नाही. पाठलाग करणारा खो मिळाला की दोन-चार सेकंद झेपावतो, खो देतो आणि बसतो. पुढचा खो येईपर्यंत त्याचा साठा भरत राहतो. पळती करणारा मात्र मिनिट-दीड मिनिट हुलकावण्या देत, थांबत, वळत पळतच असतो, बसायची सोय नाही. एकाच मैदानावर, एकाच पाळीत, दोन वेगळी शरीरं. आम्ही वर्षानुवर्षं दोघांनाही मैदानाच्या सारख्याच फेऱ्या मारायला लावतो. मी तक्त्यात खो-खोला दोन जागा दिल्या. मॅडमनी त्यावर लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलं, मग मी समजावल्यावर त्याच पेननं खोडलं.

पोरीचा एक प्रश्न राहिला होता. चार किलोचा गोळा फेकायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत, मग त्याला विश्रांती किती? प्रमाण लावलं तर अर्धा मिनिटही पुष्कळ होतो. पण तिथं थकतं ते तंत्र आधी: पाय उशिरा वळतो, कोपर खाली येतं. तिला सांगितलं, फेकल्यावर गोळा स्वतः चालत जाऊन आण, वर्तुळात येऊन एकदा नुसती पोझ घे, मगच पुढची फेक. एवढ्यात मिनिटभर जातंच. तक्त्याच्या त्या चौकोनात मी तेवढंच लिहिलं.