नफा ऐंशी, हातात वजा सव्वीस

दुपारी ॲपवर ८० रुपये नफा दिसत होता. रात्री ईमेलवर काँट्रॅक्ट नोट आली, तिच्यात तो ३३ झाला. नंतर लेजर उघडलं तर मीच २६ रुपयांनी खाली! आणि गंमत म्हणजे शेअर मी विकलेच नव्हते.

सौदा साधा होता. ४५० रुपये भावाने १०० शेअर, 'इंट्राडे'मध्ये. माल ४५,००० चा, पण खात्यातले अडकले फक्त ९,०००. बाकीचा भार ब्रोकरवर. ४५५ ला विक्रीची लिमिट ऑर्डर लावली आणि कामाला लागलो. भाव ४५३ पर्यंत चढून परत फिरला. संध्याकाळी ऑर्डर बुक पाहिलं, तर माझी ऑर्डर रद्द आणि ३:२० ला ४५०.८० ने विक्री! खातं कुणी हॅक केलं की काय, म्हणून मेव्हण्याला फोन लावला.

"दाजी, चोर नाही, ब्रोकरनेच विकलंय," तो हसत म्हणाला. "पाचवा हिस्सा पैशांत घेतलेला माल तो रात्रभर कशाला सांभाळेल? बाजार साडेतीनला बंद होतो. त्याआधी तो तुमच्या उरलेल्या ऑर्डर रद्द करतो आणि मिळेल त्या भावाने सौदा मिटवतो."

मग हिशोबाला बसलो. दोन्ही बाजूंची दलाली २७ रुपये, विक्रीवरचा एसटीटी ११, आणि स्टँप ड्यूटी, एक्स्चेंजचा आकार, जीएसटी मिळून ९. हे ४७ वजा जाऊन उरले ३३. हा खर्च मी स्वतः विकले असते तरी पडलाच असता. खरी मेख लेजरमधल्या वेगळ्या ओळीत होती: ऑटो स्क्वेअर-ऑफ ५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९. ही रक्कम काँट्रॅक्ट नोटमध्ये नव्हतीच, म्हणून मी चक्रावलो. शिवाय हा आकार ऑर्डरमागे लागतो. दोन कंपन्यांचे सौदे उघडे राहिले असते, तर ११८ गेले असते.

"तीनच्या सुमारास स्वतःच विकायचं," मेव्हणा म्हणाला. "नाहीतर खात्यात उरलेले ३६,००० असतील, तर वेळेआधी पोझिशन डिलिव्हरीत बदलायची." प्रत्येक ब्रोकरची वेळ वेगळी असते, ती त्याच्या दरपत्रकाजवळच लिहिलेली असते, हेही त्यानेच सांगितलं. मी ते पान कधी उघडलं नव्हतं. खातं उघडताना कोण उघडतं?

"पण ब्रोकर मिटवेलच, यावरही विसंबू नका," तो पुढे म्हणाला. शेअर आधी विकून नंतर घ्यायचा सौदा असेल आणि भाव अप्पर सर्किटला चिकटला, तर विकणाराच मिळत नाही. ब्रोकरची ऑर्डरही तशीच पडून राहते. मग देणं असलेले शेअर एक्स्चेंज लिलावात विकत घेतं. भाव कितीही चढा असो, तो फरक आणि दंड आपल्याच खात्यातून जातो.